जन्मतारीख स्पष्ट दिसावी

मुलांच्या हातात मोबाइल दिसला की मला गप्प बसवत नाही. तालुक्याला सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण निघालं तेव्हा शाळेतले बाकीचे सगळे काही ना काही कारण सांगून निसटले आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पडलं ते पडलं, मी ते चांगलंच मनावर घेतलं. तेव्हापासून किन्हवलीच्या आमच्या शाळेत दर शनिवारी परिपाठानंतर माझं सुरू. अनोळखी माणसाला ओटीपी द्यायचा नाही. आधारचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. आपला चेहरा कुठल्याही ॲपला द्यायचा नाही. मुलं एका सुरात माझ्यामागून म्हणतात आणि सुट्टी झाली की आईबापांच्या मोबाइलवर चेहऱ्याला मांजराचे कान लावून फोटो काढतात. ते मला माहीत आहे. तरी मी म्हणवून घेते.

हे आधी सांगते, कारण त्या रविवारी ते बापलेक माझ्याकडे शहापूरला आले ते मला यातलं कळतं असं समजूनच.

किन्हवलीला यायच्या आधी मी बरीच वर्षं डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शिकवत होते. दोन शिक्षकी शाळा, समोर नाचणीची खाचरं, पाठीमागे जंगल. ही मुलगी माझ्या तिथल्या शेवटच्या वर्गातली. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची, काहीही विचारलं की आधी जमिनीकडे बघणारी. आता ती सातवीत होती. तिचा बाप मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जातो आणि सुट्टीला घरी येतो. आई गेल्या वर्षी तापाने गेली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. मला ते फोनवर कळलं होतं आणि जाऊन यायचं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

त्यामुळे दारात दोघं दिसली तेव्हाच मला ओशाळल्यासारखं झालं. मी घाईघाईने चहा टाकला, फरसाण काढलं, नको इतकी बोलले. बाप पायातल्या चपला जोडीने भिंतीला लावून दाराशीच बसला. खुर्चीवर बसा म्हटलं तर, "ऱ्हाऊ द्या बाई, हितं बरं हाय."

मग त्याने शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून मुलीकडे दिला आणि मुलीने माझ्याकडे.

"बाई, तिचं खातं बंद पडलंय," तो म्हणाला. "त्याच्यात तिची आई हाय."

मला आधी कळलंच नाही. मुलीने हळूहळू सांगितलं. आई असताना ती आईचे व्हिडिओ काढायची आणि त्या ॲपवर टाकायची. गाणं नाही, नाच नाही. आई भाकरी थापतेय, आई शेळीला शिव्या घालतेय, आई कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेऊन हसतेय आणि "बंद कर गो ता" म्हणतेय. बघणारी माणसं कोण, तर वर्गातल्या पोरी आणि मामाची मुलं. ज्या मोबाइलवर ते काढले तो आवणीच्या, भात लावायच्या वेळी चिखलात पडून गेला. दुसरा घेतला, पण त्यात काही नव्हतं. व्हिडिओ उरले होते ते त्या खात्यात. बाप मुरबाडला असला की रात्री खोलीवर ते लावून बघायचा. तो हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आता खातं उघडलं की एकच पान दिसत होतं. मी चष्मा लावून वाचलं. तुमचं वय तेरापेक्षा कमी असावं असं आम्हाला वाटतं. तसं नसेल तर ते दाखवून द्या. ठरलेल्या मुदतीत दाखवलं नाही तर खातं आणि त्यातलं सगळं कायमचं काढून टाकलं जाईल.

त्यांना असं का वाटलं हे त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. खातं काढताना मुलीने जन्मसाल भलतंच टाकलं होतं, सगळीच टाकतात. जिने आयुष्यात गॅसच्या ऑनलाइन बुकिंगपलीकडे काही केलं नाही त्या माझ्या नणंदेचंही खातं तिच्या मुलाने असंच काढून दिलंय आणि तिथे ती एकवीस वर्षांची आहे. पण हल्ली ही ॲपं नुसत्या सांगितलेल्या सालावर विश्वास ठेवत नाहीत. व्हिडिओ, कॉमेंट, मित्रमैत्रिणी सगळं चाळून वयाचा अंदाज बांधतात. एवढं मला प्रशिक्षणात सांगितलेलं आठवत होतं.

खाली दोन चौकोन होते. एकात चेहऱ्याचं चित्र, एकात कार्डाचं. पहिला म्हणजे सेल्फी. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, ते सांगतील तशी मान हलवायची, आणि चेहऱ्यावरून यंत्र वयाचा अंदाज करणार. दुसरा म्हणजे ओळखपत्राचा फोटो.

"चेहरा देऊ का कार्ड देऊ, बाई?" मुलीने विचारलं.

मुलीने असं विचारल्यावर मला बरं वाटलं. आपल्याला जे येतं तेच नेमकं कुणी विचारलं की वाटतं तसं. मी पुढे सरसावून बसले.

सेल्फीच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा फोटो दुसऱ्या एका कंपनीकडे जाईल, तो फक्त वयाचा अंदाज करण्यासाठी वापरला जाईल, तुम्ही कोण आहात हे त्यावरून ओळखलं जाणार नाही आणि अंदाज झाला की तो पुसून टाकला जाईल. ओळखपत्राच्या चौकोनाखाली होतं की कागद काही काळ जपून ठेवला जाईल आणि मग काढला जाईल. मी दोन्ही वाचलं. नीट वाचलं. आणि वाचून मी काय केलं, तर हसले.

"पुसून टाकतात म्हणे," मी म्हणाले. "कोण बघायला जातंय पुसलं का ते?"

मग मी त्या दोघांना माझा शनिवारचा तास ऐकवला. कार्डाचा नंबर चुकून बाहेर गेला तर काही तरी करता येतं, तो कुलूपबंद करता येतो, तक्रार करता येते. पण चेहरा एकदा गेला की गेला. तो काय आपण बदलून आणणार आहोत? आणि पोरीच्या जातीचा चेहरा. आज वय बघायला घेतला, उद्या त्याचं काय करतील सांगता येतं का? हे मी बोलले ते खोटं नाही. आजही कुणी विचारलं तर चेहऱ्याची भीती बाळगा असंच मी सांगेन. पण त्या दिवशी मी ते ज्या ऐटीत सांगितलं ती ऐट आठवली की आता स्वतःचीच लाज वाटते. सेल्फीवाल्या यंत्राला ही मुलगी कोण, कुठली, कुणाची, यातलं काही लागत नव्हतं. चेहरा बघून ते एक आकडा सांगणार होतं. कार्डात नाव होतं, बापाचं नाव होतं, पाडा होता, पिनकोड होता. आणि मी त्यातलं कार्ड निवडलं.

"बाई, चेहराच देऊया ना," मुलगी म्हणाली. अगदी हळू.

"का गं?"

"कार्डाव ना, बाई..."

"कार्डाचं मी बघते. नंबर झाकून टाकते, घाबरतेस कशाला? कुणाला काही दिसणार नाही."

ती बापाकडे बघायला लागली. बाप म्हणाला, "बाई सांगतात तसा कर गो. त्यांना कलतं."

मी टेबलाच्या खणातून कात्री, पांढरा कागद आणि चिकटपट्टी आणली. त्या पानावर सूचना होती की नाव, फोटो आणि जन्मतारीख स्पष्ट दिसावी, बाकीचा मजकूर झाकला तरी चालेल. ही सूचना वाचून तर मला फारच आनंद झाला. म्हणजे मी म्हणत होते तेच तर हे! कागदाच्या पट्ट्या कापून मी आधारचा नंबर झाकला. पत्ता झाकला. मागचा तो काळा पांढरा चौकोन, तोही झाकला, कारण तो स्कॅन केला की सगळं कळतं हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पट्ट्या तिरक्या लागल्या म्हणून एकदा काढून परत लावल्या. बाप कौतुकाने बघत होता. कार्डाचं प्लास्टिक धुरकट झालं होतं, जन्मतारखेवर उजेडाची तिरीप येत होती. मी पदराने कार्ड पुसलं, खिडकीपासून जरा बाजूला घेतलं आणि तारखेचा प्रत्येक आकडा ठळक येईल असा फोटो काढला. मोठा करून बघितला. आकडे स्वच्छ दिसत होते.

आकडे दिसतात का एवढंच मी बघितलं. आकडे काय आहेत ते बघितलं नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे हे मला माहीत होतं. शंकाच नव्हती. म्हणून मला ते वाचायची गरज वाटली नाही. पाठवण्याच्या बटणावर बोट मी तिलाच ठेवायला लावलं. खातं तुझं आहे, तूच दाब म्हणाले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दाबलं.

शहापूरहून डोळखांबची एसटी सुटायला वेळ होता, म्हणून मी त्यांना जेवायला थांबवलं. भात, वालाचं बिरडं आणि पापड. मुलगी मन लावून जेवत होती. मी तिला शाळेचं विचारत होते, ती मान हलवत होती. जेवण व्हायच्या आतच मोबाइल वाजला. इतक्या लवकर उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

तिने डाव्या हाताने मोबाइल उचलला, बघितलं आणि माझ्यापुढे ठेवला.

दिलेल्या ओळखपत्रानुसार वय तेरापेक्षा कमी आहे. खातं काढून टाकण्यात आलं आहे. हा निर्णय अंतिम आहे.

मी उठले, हात धुतले, आणि टेबलावरचं कार्ड उचललं. त्याच्यावर माझ्या पट्ट्या अजून चिकटलेल्या होत्या. बाकी सगळं झाकलेलं, आणि नाव-फोटोच्या शेजारी उघडी तेवढी तारीख. एक जून, आणि पुढचं साल. मनातल्या मनात वजाबाकी करायची वेळसुद्धा आली नाही. साल बघितल्याबरोबर मला आठवलं की हे साल मी लिहिलं आहे.

आमच्या भागात एक जूनला वाढदिवस असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. शाळा सुरू होताना पोर आणून उभं केलं, जन्माचा दाखला नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून आहे, माझाही आहे. आम्ही त्यावर दरवर्षी हसतो आणि एकच केक आणतो. पण हिच्या बाबतीत मी नुसती तारीख लिहिली नव्हती.

हिचे आईबाप तेव्हा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, पोरीला घेऊन. त्यामुळे सहाव्या वर्षी ती शाळेत आलीच नाही, सातव्याही नाही. एका जूनमध्ये आई तिला घेऊन आली. बाई, आता हिला भट्टीवर नेणार नाही, चुलतीकडे ठेवणार, हिला शिकवा, म्हणाली. मी वय विचारलं. आठ, ती म्हणाली. पक्कं आठ. मी पेन हातात धरून बसले. आठ लिहिलं की ही शाळाबाह्य मुलगी ठरणार. मग दोन वर्षं सर्वेक्षणात ती सापडली कशी नाही हे विचारणार, आणि ते सर्वेक्षण घरोघर जाऊन मीच केलेलं होतं, म्हणजे केलं असं लिहिलेलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं, तिला वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं, त्याचे अहवाल द्यायचे. मी म्हणाले, सहा लावूया. दोन वर्षं कमी लागली तर पुढे सरकारी नोकरीला उपयोगी पडतं. हे सगळेच म्हणतात आणि सगळीकडे करतात. आईने जरा विचार केला. मग म्हणाली, तुमी म्हणाल तसा. मी सहा लिहिलं. पुढे आधारचा कॅम्प शाळेत आला तेव्हा माझ्याच दाखल्यावरून तिचं कार्ड निघालं.

आणि हे मी विसरले होते. आईने सांगितलेलं आठ, म्हणजे आताचं चौदा, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्याच्या जागी मी लिहिलेलं सहा हे केवळ कागदापुरतं होतं. त्यामुळे कागद माझ्या लेखी कागदच राहिला. माझ्या हाताने लिहिलेला आकडा फिरून माझ्यासमोर येईल आणि मी त्याला पदराने पुसून लख्ख करीन, असं मला कोण सांगणार होतं? सांगत होती खरं तर. कार्डाव ना, बाई.

मी काय केलं ते आता सांगते, आणि हेच सांगायला सगळ्यात जड जातंय. मी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्या कंपन्यांचं काही खरं नाही."

बाप म्हणाला, "नाय, नायच खरा."

मग मी धडपड केली. परत जाऊन बघितलं, सेल्फीचा चौकोन आता नव्हता. एकदा ओळखपत्राने निकाल लागला की चेहऱ्याला कोण विचारतं? मदतीच्या पानावर लांबलचक मजकूर लिहिला, त्याला छापील उत्तर आलं. एका ठिकाणी खात्यातली माहिती उतरवून घेण्याची सोय होती. मला वाटलं सापडलं. पण त्यासाठी खात्याला जोडलेल्या नंबरवर कोड येणार होता, आणि तो नंबर आईचा होता. ती गेल्यावर रिचार्ज कुणी मारला नव्हता आणि सिम केव्हाच बंद पडलं होतं. मी कोड पाठवा म्हणून दोनदा दाबलं. तो कुठे गेला देव जाणे.

ती दोघं एसटीने परत गेली. जाताना बापाने मला हात जोडले. बाईंनी आपल्यासाठी रविवार मोडला, असं तो मुलीला म्हणाला. मी दार लावून घेतलं आणि टेबलावरची कागदाची कातरणं गोळा केली.

पुढच्या शनिवारी परिपाठ झाला आणि मला तो तास घेता येईना. मुलं वाट बघत होती. आपला चेहरा कुठल्याही ॲपला द्यायचा नाही, हे वाक्य तोंडाशी आलं आणि मी गाणं म्हणायला सांगितलं. मला राहून राहून तो पहिला चौकोन दिसत होता. यंत्राने तिचा चेहरा बघितला असता तर काय झालं असतं? कदाचित तिथेही नापास झाली असती. ती अंगाने लहान आहे, माझ्या घरात काढलेला अंधारा फोटो, आणि यंत्राचा अंदाज तो अंदाजच. दोन वर्षं इकडे, दोन वर्षं तिकडे. तेराच्या आसपासचा चेहरा असेल तर कार्ड दाखवा असंच ते म्हणतात. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण खरं वय तिच्याजवळ कुठे असेल तर ते तिच्या चेहऱ्यातच होतं. कार्डावर माझी सोय लिहिलेली होती. मी चेहऱ्याला नाही म्हणाले आणि माझ्या सोयीला साक्षीला बोलावलं.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. जूनमध्ये तिच्या वर्गातल्या पोरींनी तिच्या व्हिडिओखाली केकची चित्रं टाकून लिहिलं होतं, बाराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ते तिनेच मला एसटीला निघताना सांगितलं होतं, शाळेत सगळ्यांचे वाढदिवस हजेरीपटावरून करतात म्हणून. यंत्राने कदाचित तेच वाचलं असेल. नसेलही. पण मला तरी त्या केकवर माझंच अक्षर दिसत होतं.

शेवटी मी गेले. डोळखांबपर्यंत एसटी, पुढे पायी. नाचणी कापून झाली होती, वाटेने पेंढ्यांचे भारे घेतलेल्या बाया भेटत होत्या आणि काही जुन्या ओळखीच्या थांबून विचारत होत्या, बाई, हिकडं कशा? मी म्हणत होते, सहज. घरी बाप सुट्टीला आलेला होता. मला बघून त्याची तारांबळ उडाली. चटई टाकली, मुलीला पाणी आणायला पाठवलं, शेजारून साखर आणली. मी चहा पिऊन होईपर्यंत थांबले नाही. थांबले असते तर बोलता आलं नसतं.

मी सगळं सांगितलं. आई काय म्हणाली होती, मी काय लिहिलं, का लिहिलं. नोकरीचं कारण मागाहूनचं, खरं कारण सर्वेक्षणाचं, हेही सांगितलं. त्या रविवारी कार्ड बघितल्याबरोबर मला कळलं होतं आणि मी कंपनीवर ढकललं, हेही.

बाप जमिनीवर बोटाने रेघा काढत होता. त्याने मला बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. माझा नवरा बोलला असता, माझ्या हेडमास्तरांनी तर फाडून खाल्लं असतं. तो म्हणाला, "बाई, तुमी चांगल्यासाठीच केला असंल."

"नाही केलं," मी म्हणाले. "तेच तर सांगतेय."

"असू दे. तुमच्यामुलं शिकते ती."

मी मुलीकडे वळले. ती खांबाला टेकून उभी होती. "तुला माहीत होतं ना? कार्डावर कमी आहे ते?"

"हां. आई सांगायची, शालंत दोन वरसा कमी. आता घरी चौदा, शालंत बारा."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होती ना."

"अगं मग जोरात सांगायचं! हात धरायचा माझा!" माझा आवाज चढला. माझी चूक, आणि मी तिच्यावरच ओरडत होते. सवय जात नाही.

ती नेहमीसारखी जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमी बाई ना."

कार्डावरचं वय दुरुस्त करून देते, म्हणाले मी. शाळेच्या रजिस्टरपासून सुरुवात करावी लागेल, उशिराची जन्मनोंद करावी लागेल, चकरा पडतील, पण सगळ्या मी मारीन, माझ्या सहीने चूक लिहून देईन. बाप होय होय म्हणत होता. त्याला त्यात फारसं काही दिसत नव्हतं. कार्ड सुधारलं तरी व्हिडिओ येणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

निघायला उठले तशी मुलगी जवळ आली.

"बाई, आई तवा काय बोललेली? शालंत आली तवा?"

मी सांगितलं. आता हिला भट्टीवर नेणार नाही. चुलतीकडे ठेवणार. हिला शिकवा. पक्कं आठ.

"अजून?"

मी आठवायला लागले. ती बाई माझ्यासमोर बराच वेळ उभी होती, काहीतरी सांगत होती. मुलगी कधी झाली, कुठल्या पिकाच्या वेळी, काय आवडतं, कशाला घाबरते. आया सांगतात तसं खूप काही. मी त्या वेळी रजिस्टरमध्ये बघत होते.

"एवढंच," मी म्हणाले.

तिने बापाचा मोबाइल घेतला. "परत सांगा ना. आई बोलली तसा. मी काढते."

बाप म्हणाला, "अगो, बाईंना कशाला?" पण मी थांबवलं त्याला. अंगणात उजेड होता तिथे उभी राहिले. तिने मोबाइल माझ्या चेहऱ्यासमोर धरला आणि मी बोलले. तिच्या आईसारखं बोलायचा प्रयत्न केला. हिला नाय नेणार मी आता भट्टीव, बाई, हिला शिकवा तुमी. डोक्यावर पदरही घेतला. माझे शहापूरचे शब्द मध्येच शुद्ध होत होते आणि ते मला ऐकू येत होतं.

ती खाली बसली आणि व्हिडिओ लावून बघायला लागली. बापही येऊन तिच्या खांद्यावरून बघू लागला. मी उभीच होते. शेवटपर्यंत बघून झाल्यावर तिने मान वर केली.

"तशी नाय बोलायची ती, बाई," ती म्हणाली. रागाने नाही, चूक दाखवावी तसं. आणि तिने तो व्हिडिओ तिथेच पुसून टाकला.